सगळ्यांचा गुणाकार, वर एक

एक कोटीच्या लगेच पुढचे शंभर आकडे कागदावर ओळीने मांडले, तर त्यांत मूळ संख्या फक्त दोन निघतात: १,००,००,०१९ आणि १,००,००,०७९. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना कोणी ना कोणी भागतंच. दहा लाखांच्या पुढच्या शंभरांत मूळ संख्या सहा आहेत. आणि शाळेत ज्या शंभरांच्या तक्त्यावर आपण गोल आणि फुल्या काढल्या, त्या पहिल्या शंभरांत पंचवीस.

पंचवीस, मग सहा, मग दोन. घाट चढून देशावर आलं आणि पूर्वेकडे जात राहिलं की झाडी जशी विरळ होत जाते, तसंच हे दिसतं. आधी दाट रान, मग मधेच एखादी राई, मग माळावर दूरवर एकटं उभं असलेलं बाभळीचं झाड. ते पाहताना मनात साहजिकच येतं की अजून पुढे गेलो तर एक झाड शेवटचं लागेल आणि त्याच्यापलीकडे नुसता माळ असेल. मूळ संख्यांचंही तसं का होऊ नये? संख्या जितकी मोठी, तितक्या तिच्याहून लहान संख्या जास्त, म्हणजे तिला भागू शकणारे उमेदवार जास्त. एका टप्प्यानंतर प्रत्येक संख्येला कोणी ना कोणी भागेलच, ही शंका मला अजिबात भाबडी वाटत नाही. उलट, ही शंका ज्याला एकदा तरी आली नाही, त्याला पुढचा युक्तिवाद किती मोठं काम करतो हे नीट कळणार नाही असं मला वाटतं.

काम करतो तो एक गुणाकार आणि एक बेरीज. बेरीजही कसली, तर एक मिळवण्याची.

आधी पायाची गोष्ट पक्की करून घेऊ. मूळ संख्या म्हणजे १ पेक्षा मोठी अशी संख्या, जिला १ आणि ती स्वतः यांच्याखेरीज कोणीच निःशेष भागत नाही. २, ३, ५, ७, ११, १३ अशा. उरलेल्या ४, ६, ८, ९, १० वगैरे संयुक्त, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकारात फुटणाऱ्या. १ दोन्हींत बसत नाही. त्याला बाहेर का ठेवलंय, हे पुढे आपोआप उघड होईल.

आता एक साधं विधान: १ पेक्षा मोठ्या कुठल्याही संख्येला निदान एक तरी मूळ संख्या भागतेच. हे मानायला सोपं वाटतं, पण सगळा डोलारा याच्यावर उभा आहे, म्हणून एकदा तपासू. ९१ घ्या. त्याला भागणाऱ्या संख्यांपैकी १ सोडून सगळ्यांत लहान कोणती ते पाहा. २ नाही, ३ नाही, ४, ५, ६ नाहीत, ७ भागते. आता ही ७ मूळ असलीच पाहिजे, आणि ते समजायला ७ चा पाढा आठवायचीही गरज नाही. ती फुटली असती, तर तिच्या तुकड्यानेही ९१ ला भागलं असतं, आणि तो तुकडा ७ पेक्षा लहान असता. पण सगळ्यांत लहान तर आपण आधीच निवडलेली होती. ९१ च्या जागी कोणतीही संख्या ठेवा, हाच विचार चालतो: १ सोडून तिचा सगळ्यांत लहान विभाजक हा नेहमीच मूळ असतो. शोधता शोधता आपण त्या संख्येपर्यंतच पोचलो, मधे कोणीच भागलं नाही, तर ती संख्या स्वतःच मूळ.

आता लग्नाच्या आहेराकडे वळू. आपल्याकडे पाकिटात शंभर रुपये घालत नाहीत, एकशे एक घालतात. पन्नास नाही, एक्कावन्न. पाचशे नाही, पाचशे एक. हजारावर एक. अमुक रकमेवर ‘वर एक’ ठेवायचा हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या रकमांचे अवयव कधी पाडून पाहिलेत का? दहा, वीस, पन्नास, शंभर, पाचशे, हजार या साऱ्या संख्या फक्त २ आणि ५ या दोनच मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेल्या आहेत. त्यांवर एक ठेवला की काय होतं पाहा. ११ मूळच आहे. २१ म्हणजे ३ गुणिले ७. ५१ म्हणजे ३ गुणिले १७. १०१ मूळ. ५०१ म्हणजे ३ गुणिले १६७. १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. आधीच्या रकमांत २ आणि ५ शिवाय कोणी नव्हतं, आणि वर एक ठेवल्यावर २ आणि ५ कुठेच नाहीत. सगळे नवे.

हा योगायोग नाही. पाचाच्या पाढ्यातले आकडे एकमेकांपासून पाच-पाच अंतरावर असतात. शंभर त्या पाढ्यात आहे, म्हणजे त्याच्या पुढचा आकडा १०५. मधले १०१ ते १०४ पाचाला वर्ज्य. दोनाचंही तसंच: १०० नंतर थेट १०२. कोणत्याही मूळ संख्येचं पाऊल निदान दोनाचं असतं, एकाचं कधीच नसतं. त्यामुळे ज्या संख्येवर तिचं पाऊल पडलं, तिच्या लगेच पुढच्या संख्येवर ते पडूच शकत नाही. भागाकाराच्या भाषेत: १०० ला ५ ने भागून बाकी शून्य, म्हणून १०१ ला ५ ने भागून बाकी एक.

एवढं हातात आलं की सगळं आलं. आता कोणी येऊन म्हणू दे की माझ्याकडे मूळ संख्यांची यादी आहे. समजा तिच्यात २, ३ आणि ५ आहेत. तिघांचा गुणाकार ३०. या ३० वर तिघांचीही पावलं पडतात: दोनाची पंधरा पावलं, तिनाची दहा, पाचाची सहा. म्हणून ३१ वर तिघांपैकी कोणाचंच पाऊल पडत नाही. पण ३१ वर कोणा ना कोणा मूळ संख्येचं पाऊल पडायलाच हवं, हे आपण आधी पक्कं केलं आहे. तेव्हा या यादीत नसलेली एक तरी मूळ संख्या आहेच. इथे ती ३१ स्वतः आहे.

यादीत तीनच नावं आहेत की तीन हजार, याने काहीही बिघडत नाही. यादी कितीही लांब असो, तिच्यातल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा. त्या गुणाकाराला यादीतली प्रत्येक संख्या भागते. एक मिळवा. आता यादीतल्या प्रत्येकीने भागून बाकी एकच उरते. या नव्या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या घ्या, ती यादीबाहेरचीच असणार. ती यादीत घालून घ्या, पुन्हा गुणा, पुन्हा एक मिळवा, आणखी एक बाहेरची मिळेल. कोणतीही यादी पुरी होत नाही. विरळ होत गेलेल्या त्या माळावर शेवटचं झाड म्हणून नाहीच.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि अनेक जण, अगदी गणित शिकलेलेही, तिथेच घसरतात. म्हणून जरा थांबू.

२ अधिक १ म्हणजे ३, मूळ. २ गुणिले ३ अधिक १ म्हणजे ७, मूळ. मग ३१, मूळ. पुढे ७ ने गुणून २१० अधिक १ म्हणजे २११, तीही मूळ. मग ११ ने गुणून २३११, मूळ. सलग पाच वेळा हे घडलं की मन आपोआप नियम बांधून मोकळं होतं: मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवला की मूळ संख्याच मिळते. पुष्कळांच्या डोक्यात हा युक्तिवाद याच रूपात बसलेला असतो. पण सहावी पायरी चढून पाहा. २, ३, ५, ७, ११, १३ यांचा गुणाकार ३०,०३०. एक मिळवून ३०,०३१. ही मूळ आहे का?

हे हाताने तपासण्यासारखं आहे. २ पासून १३ पर्यंत भागून पाहायची गरजच नाही, बाकी एक उरणार हे आधीच ठरलेलं आहे. वरची मर्यादाही ठरलेली आहे. संख्या फुटत असेल तर तिचा एक तुकडा तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो, आणि ३०,०३१ चं वर्गमूळ १७३ च्या किंचित वर आहे. म्हणजे १७ पासून १७३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. १७ ने भागून बाकी ९ उरते. १९ ने ११. २३ ने १६, आणि २९ नेही १६. ३१ ने २३, ३७ ने २४, ४१ ने १९, ४३ ने १७, ४७ ने ४५, ५३ ने ३३. दहा वेळा निराशा. मग ५९. पाचशे नव्वे एकोणसाठ म्हणजे तीस हजार एकतीस? नाही, पाचशे नऊ एकोणसाठ. ५९ गुणिले ५०० म्हणजे २९,५००, आणि ५९ गुणिले ९ म्हणजे ५३१, बेरीज ३०,०३१. बाकी शून्य.

तेव्हा ३०,०३१ मूळ नाही. ती ५९ गुणिले ५०९ आहे. मग युक्तिवाद कोसळला का? नीट वाचलं तर त्याने ती संख्या मूळ असेल असं म्हटलंच नव्हतं. त्याने म्हटलं होतं की तिला भागणाऱ्या मूळ संख्या यादीबाहेरच्या असतील. ५९ आणि ५०९ दोन्ही मूळ आहेत, आणि २, ३, ५, ७, ११, १३ या यादीत दोघीही नाहीत. एक मागितली होती, दोन मिळाल्या. ५९ तर शून्यापासून आपली पावलं टाकत शांतपणे येत होती. आपल्या यादीत तिचं नाव नव्हतं एवढंच.

नवी संख्या यादीतल्या सगळ्यांपेक्षा मोठीच असेल, असंही काही नाही. यादीत फक्त ३ आणि ५ ठेवा. गुणाकार १५, वर एक १६. सोळाला भागणारी मूळ संख्या एकच, ती म्हणजे २. सगळ्यांत लहान मूळ संख्या आपण यादीतून गाळली होती आणि युक्तिवादाने ती बोट धरून आणून दिली. ५ आणि ७ ची यादी घेतली तर ३६ मिळते, आणि तिच्यातून २ आणि ३ दोन्ही. यादी क्रमाने असावी, अमुक संख्येपर्यंतच्या सगळ्या तिच्यात असाव्यात, अशी एकही अट नाही. हाताला लागतील त्या मूळ संख्या घ्या.

हा गैरसमज येतो कुठून, हे मी बराच काळ शोधत होतो. मला वाटतं तो सांगण्याच्या पद्धतीतून येतो. पुष्कळदा हा युक्तिवाद असा सांगितला जातो: समजा मूळ संख्या संपतात आणि या यादीत त्या सगळ्या आहेत. मग गुणाकार अधिक एक या संख्येला कोणतीच मूळ संख्या भागत नाही, म्हणून ती स्वतः मूळ आहे, पण ती तर यादीत नाही, म्हणून विसंगती. यातलं ‘म्हणून ती स्वतः मूळ आहे’ हे वाक्य चुकीच्या गृहीताच्या चार भिंतींआडच खरं असतं. विद्यार्थी ते वाक्य तेवढं उचलून बाहेर आणतो, आणि बाहेरच्या उजेडात ते खोटं ठरतं. यादी सगळ्यांची आहे असं गृहीत न धरता, ‘कोणतीही यादी द्या, मी तिच्याबाहेरची एक दाखवतो’ असं सांगितलं, तर ही चूक होण्याची जागाच उरत नाही.

आणि गंमत अशी की ज्याच्या नावावर हा युक्तिवाद आहे, त्याने तो असाच सांगितला होता. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात युक्लिडने तेरा खंडांत गणित मांडलं. शाळेत त्याचं नाव भूमितीत भेटतं, पण सातवा, आठवा आणि नववा हे खंड संख्यांचे आहेत. नवव्या खंडातलं विसावं विधान आपलं आहे. त्याचा आशय असा की मूळ संख्यांचा कोणताही समूह समोर ठेवा, मूळ संख्या त्याहून अधिक आहेत. ‘अनंत’ असं तो म्हणत नाही. दिलेल्या कुठल्याही समूहापेक्षा जास्त, इतकंच म्हणतो, आणि तेवढं पुरतं.

युक्लिडची सिद्धता वाचताना दोन गोष्टींनी मी थबकलो. एक म्हणजे तो फक्त तीन मूळ संख्या घेतो. ‘अशा कितीही’ हे लिहायला त्याच्याजवळ आजची चिन्हं नव्हती. तिघांवर जे केलं ते तीनशेंवरही करता येईल, हे वाचकाने ओळखायचं. दुसरी गोष्ट, त्याच्या संख्या म्हणजे रेषाखंड आहेत, आणि ‘भागणे’ याला त्याचा शब्द आहे ‘मोजणे’. एका काठीने दोरी पुरेपूर मोजली जाते. त्या दोरीला एककाइतका तुकडा जोडला. आता ही लांबलेली दोरीही त्याच काठीने पुरेपूर मोजली गेली, तर तो जोडलेला एककाचा तुकडाही त्या काठीने मोजला जायला हवा. पण काठी एककाहून लांब आहे. तेव्हा हे अशक्य. तो गुणाकारही घेत नाही. तिन्ही संख्या जिला मोजतात अशी सगळ्यांत लहान संख्या घेतो, म्हणजे आपला लसावि. वेगवेगळ्या मूळ संख्यांचा लसावि हा त्यांचा गुणाकारच असतो, म्हणून फरक काही पडत नाही. आणि एक मिळवून झाल्यावर तो दोन वाटा स्पष्ट वेगळ्या करतो: ही नवी संख्या मूळ असेल, किंवा नसेल. नसेल तर सातव्या खंडातल्या एकतिसाव्या विधानानुसार तिला कोणती तरी मूळ संख्या मोजते. ते विधान म्हणजेच वर आपण ९१ वर तपासलेली गोष्ट. ३०,०३१ ची सोय त्याने तेव्हाच करून ठेवली होती.

हा ग्रंथ संस्कृतातही आला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने नसीरुद्दीन तुसीच्या अरबी आवृत्तीवरून तो ‘रेखागणित’ या नावाने उतरवला, आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो मुंबईत दोन भागांत छापला गेला. नाव रेखागणित, पण त्यात हे संख्यांचे अध्यायही आहेत.

आता १ ला बाहेर का ठेवलं, ते. १ ला मूळ संख्या मानलं असतं, तर तिचं पाऊल एकाचं. ती गुणाकारावरही पडली असती आणि त्याच्या पुढच्या संख्येवरही. ‘लगेच पुढच्या संख्येवर हिचं पाऊल पडत नाही’ हे वाक्य तिच्यापुरतं खोटं ठरलं असतं, आणि सगळी वीण तिथेच उसवली असती. युक्लिडला हा प्रश्नच पडला नव्हता, कारण त्याच्या व्याख्येत संख्या म्हणजे एककांचा समूह. एकटं एकक ही संख्याच नाही.

मग एकच का मिळवायचा, दोन का नाही? हे करून पाहण्यात फार मजा आहे. २, ३, ५, ७ यांचा गुणाकार २१० घ्या. २११ मूळ आहे. आता पुढे चाला. २१२ म्हणजे २१० अधिक २, आणि २ दोघांनाही भागते, म्हणून २१२ संयुक्त. २१३ म्हणजे २१० अधिक ३, तिला ३ भागते. २१४ ला २. २१५ ला ५. २१६ ला २. २१७ म्हणजे २१० अधिक ७, तिला ७. २१८ ला २, २१९ ला ३, २२० ला २ आणि ५. सलग नऊ संख्या, एकही मूळ नाही. कारण २ पासून १० पर्यंतच्या प्रत्येक संख्येत २, ३, ५, ७ यांपैकी कोणी तरी दडलेलं आहेच, आणि ते २१० मध्येही आहे. त्यातून सुटतो तो एकटा १.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करू. शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांचा गुणाकार घ्या. त्यात २ मिळवल्यापासून १०० मिळवेपर्यंत सलग नव्याण्णव संख्या येतात, आणि त्यांत मूळ संख्या एकही नाही. यादी वाढवत न्या, माळ हवा तितका लांब करता येतो. सुरुवातीची ती शंका आठवा. ती पूर्ण चुकीची नव्हती. लाख संख्यांचा, कोटी संख्यांचा ओसाड पट्टा खरोखर असतो, तो कुठे आहे हेही सांगता येतं, आणि तरीही झाडं संपत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच गुणाकारातून निघतात: एक मिळवला की नवी मूळ संख्या असल्याची खात्री, दोन किंवा त्याहून जास्त मिळवत गेलं की ओसाडी.

या युक्तिवादाच्या मर्यादाही आहेत. नवी मूळ संख्या कुठे तरी आहे हे तो सांगतो, पण ती जवळपास आहे की नाही, याचं त्याला फारसं भान नसतं. शंभराच्या आतल्या त्या पंचवीस संख्यांचा गुणाकार सदतीस अंकी आहे. युक्तिवाद एवढीच हमी देतो की त्या सदतीस अंकी संख्येपर्यंत पुढची मूळ संख्या सापडेल. प्रत्यक्षात ती शेजारीच उभी असते, १०१ या नावाने, आहेराच्या पाकिटात. म्हणून मोठ्या मूळ संख्या शोधणारे हा मार्ग धरत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जी सापडली, आणि जिने सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येचा मान घेतला, ती म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १. तिच्यात चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत. या ‘उणे १’ रूपाच्या संख्यांसाठी वेगळी, फार जलद कसोटी आहे, म्हणून तिकडचा शोध चालतो.

आणि सुरुवातीच्या मूळ संख्या ओळीने गुणून एक मिळवला की कधीकधी मिळते ती मूळ संख्या, म्हणजे ७, ३१, २११, २३११ यांसारखी, पुन्हा पुन्हा कायम मिळत राहील का? की असा प्रकार एका जागी थांबतो? सहावी ३०,०३१ फुटली. सातवी ५,१०,५११ आहे, तीही फुटते: १९ गुणिले ९७ गुणिले २७७. आठवी आणि नववीही फुटतात. पुढे मूळ असणाऱ्या काही सापडल्या आहेत, पण त्या अनंत आहेत की नाहीत, हे कोणीही सिद्ध केलेलं नाही. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या युक्तिवादाला इतकं खेटून असलेला प्रश्न अजून उघडा आहे, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

युक्लिडची पद्धत अगदी प्रामाणिकपणे, मागे वळून न पाहता, चालवत नेली तर काय होईल? १९६३ मध्ये अल्बर्ट मलिन या गणितज्ञाने हे विचारलं. यादीत फक्त २ ठेवून सुरुवात करायची. गुणाकारावर एक मिळवायचा, जी संख्या येईल तिचा सगळ्यांत लहान मूळ विभाजक शोधायचा आणि तो यादीत टाकायचा. बस, एवढंच पुन्हा पुन्हा. २ वर एक म्हणजे ३. दोघांचा गुणाकार ६, वर एक ७. मग २ गुणिले ३ गुणिले ७ म्हणजे ४२, वर एक ४३, तीही मूळ. आता चौघांचा गुणाकार १८०६, वर एक १८०७. ही फुटते: १३ गुणिले १३९. लहान ती १३, यादीत गेली. आता गुणाकार २३,४७८, वर एक २३,४७९, म्हणजे ५३ गुणिले ४४३. ५३ आत. गुणाकार १२,४४,३३४, वर एक १२,४४,३३५. शेवटचा अंक ५ आहे. पाच आत आली.

सातव्या जागी. २, ३, ७, ४३, १३, ५३ एवढ्या सगळ्यांनंतर ५. आणि तिच्या लगेच पुढची आहे ६२,२१,६७१. या यादीला कसलाही क्रम नाही. ११ बाराव्या जागी येते. ३१, जी आपल्याला २, ३, ५ च्या गुणाकारातून पहिल्याच फटक्यात मिळाली होती, ती इथे पन्नासाव्या जागी येते. मलिनचा प्रश्न असा होता की ही यादी लांबवत नेली, तर प्रत्येक मूळ संख्या कधी ना कधी तिच्यात येते का? नव्या मूळ संख्या ती कायम देत राहील, हे युक्लिडने सिद्ध केलं आहे. पण सगळ्या देईल का, ते कोणाला ठाऊक नाही. एक्कावन्न जागांपर्यंत ही यादी पोचली आहे, आणि बावन्नावी जागा भरायची तर ३३५ अंकी एका संख्येचा सगळ्यांत लहान विभाजक शोधावा लागतो. ती फुटते हे कळलं आहे. तुकडा हाती लागलेला नाही. तोवर २ पासून ३७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या यादीत येऊन बसल्या आहेत, आणि ४१ अजून आलेली नाही.